प्रयोगाच्या व्हिडिओला कॅप्शन आणि ऑडिओ वर्णन टाकायचंय, पण सर बोलायचे थांबतच नाहीत

प्रयोगवाला_पुणे

मंडळी, जरा अडकलोय. माझे काका दहावीला विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले आणि आता कोथरूडच्या घरात गच्चीवर प्रयोग करून व्हिडिओ बनवतात, शूटिंग-एडिटिंग माझ्या गळ्यात. आत्तापर्यंत २२ झालेत. मागच्या महिन्यात दोन शाळांकडून विचारणा आली, एक अंध मुलांची आणि एक कर्णबधिर मुलांची, की हे आमच्या मुलांना वापरता येतील असे करून द्याल का. काका लगेच हो म्हणून बसले.

सुरुवातीला एकच घेतलाय. जस्ताच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, निघणारा वायू नळीने साबणाच्या पाण्यात सोडायचा, बुडबुडा झाला की त्याला जळती मेणबत्ती लावायची आणि फट् असा आवाज आला की हायड्रोजन सिद्ध. व्हिडिओ ६ मिनिटं ४० सेकंदांचा आहे.

कॅप्शन टाइप करून टाकले, चार तास गेले. पण ऑडिओ वर्णनाला जागाच नाही हो! काका मिनिटाला १४० शब्द बोलतात, मोजलेत मी. पूर्ण व्हिडिओत दोन सेकंदांच्या वरची शांतता तीनदा आहे आणि त्यातली सगळ्यात मोठी अडीच सेकंदांची, ती पण काका खोकले म्हणून. एवढ्यात काय वर्णन करणार? आणि केलेले कॅप्शन तरी बरोबर आहेत का हेही कुणी सांगा.

साबुदाणा_वडा

कॅप्शनमध्ये पहिली ओळ जबरदस्त पाहिजे, लोक तिथेच थांबतात. "हा प्रयोग बघून थक्क व्हाल" टाइप. हॅशटॅग दहाच्या आत ठेवा.

पेठकर

@साबुदाणा_वडा अहो ते कॅप्शन नाही, व्हिडिओच्या खाली जे बोललेलं उमटतं ते कॅप्शन. 😄

धागाकर्ते, एवढं कशाला करताय, कर्णबधिरांसाठी कोपऱ्यात खुणांची भाषा करणारी बाई टाका म्हणजे कॅप्शनची गरजच नाही, आणि अंध मुलांना ऐकू येतंच की, काका सगळं बोलतायत ना? मग वर्णन कशाला? उलट काका इतकं बोलतात हे चांगलंच आहे.

ठिपके

@पेठकर मी अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतेय. धागाकर्त्यांनी व्यनितून लिंक दिली म्हणून व्हिडिओ ऐकला. एका मिनिटानंतरचा हा तुकडा जसाच्या तसा उतरवते:

"हां, आता हे बघा, यात आपण हे असं टाकायचं, सावकाश, आणि आता बघा काय होतंय, दिसतंय ना, मस्त, अगदी सगळीकडून येतंय बघा, आता ही घ्यायची आणि अशी इथे बुडवायची."

काका सगळं बोलतायत खरं. पण काय टाकलं, कशात टाकलं, काय येतंय, कुठून येतंय, काय घेतलं, कुठे बुडवलं? यातलं मला एक कळलं असेल तर शपथ. बोलण्याचा वेग हा प्रश्नच नाही. त्यांच्या वाक्यांतले सगळे शब्द बोटाकडे दाखवणारे आहेत आणि ते बोट मला दिसत नाही.

बाकी काकांचा आवाज छान आहे, ऐकायला कंटाळा येत नाही.

जुना_संकलक

ठिपकेताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं शैक्षणिक फिल्म्सचं संकलन केलं (पुण्यात बालचित्रवाणी होती तेव्हापासूनची सवय), आणि गेली काही वर्षं वर्णनाच्या संहिता लिहितो. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सिनेमात वर्णन संवादांच्या मधल्या शांततेत बसवतात. शिकवण्याच्या व्हिडिओत तशी शांतता नसते, मास्तर लोक गप्प बसत नाहीत. मग दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे चित्र थांबवायचं. जिथे वर्णन हवं तिथे फ्रेम गोठवायची, आवाज बंद, त्या वेळात वर्णन बोलायचं आणि मग व्हिडिओ पुढे सोडायचा. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांतसुद्धा, म्हणजे WCAG मध्ये, हा प्रकार १.२.७ क्रमांकाखाली वेगळा दिलाय, कारण ही अडचण सगळ्यांनाच येते. दुसरी वाट म्हणजे काकांना परत बोलायला लावायचं, "हे यात टाकायचं" च्या जागी "जस्ताचे पाच तुकडे परीक्षानळीत टाकतोय". तसं झालं तर निम्मं वर्णन वेगळं लागतच नाही.

तुमचा व्हिडिओ झालेला आहे, म्हणून याला पहिली वाट. पुढच्यांना दुसरी.

आता लिहायचं किती. मराठीत सावकाश, पण न रेंगाळता बोललं तर माझ्या हिशेबाने सेकंदाला दोन शब्द. म्हणजे दहा सेकंद गोठवलं तर वीस शब्द, जास्त नाही. तुमच्या १:१२ च्या जागेसाठी मी असं लिहीन:

"परीक्षानळी स्टँडला उभी. तळाशी जस्ताचे पाच तुकडे. तुकड्यांच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटून वर जातायत. मधल्या आम्लात नवे बुडबुडे होत नाहीत."

मोजा, वीस भरतील. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. वायू धातूच्या पृष्ठभागावर तयार होतो, आम्लात कुठेही नाही, ही या प्रयोगातली बघण्याची गोष्ट आहे, आणि काका तिला "सगळीकडून येतंय" म्हणाले. डोळस मुलगा काकांचं वाक्य चुकलं तरी चित्रावरून बरोबर शिकतो. अंध मुलगा चुकीचं शिकेल.

ठिपके

हे!! अगदी हेच. आणि एक विनंती, कपड्यांचा रंग, मागची कुंडी, भिंतीवरचं कॅलेंडर हे सांगत बसू नका. एका व्हिडिओत "शिक्षकांनी निळा चौकड्यांचा शर्ट घातला आहे" ऐकण्यात माझे चार सेकंद गेले आणि तेवढ्यात मूळ बोलण्यातली एक ओळ बुडाली. पण प्रयोगातला रंग असेल तर सांगाच. मी जन्मापासून बघितलेलं नाही म्हणून लिटमस लाल झाला हे मला नको असं काही लोकांना वाटतं. परीक्षेत तेच विचारतात हो.

प्रयोगवाला_पुणे

बापरे, "सगळीकडून येतंय" हे मी पन्नास वेळा ऐकलं असेन एडिट करताना, लक्षातच आलं नाही. काकांना सांगितलं, दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले बरोबर आहे.

@जुना_संकलक मग मी "तुकड्यांवरून हायड्रोजनचे बुडबुडे" असं लिहिलं तर अजून स्पष्ट होईल ना?

जुना_संकलक

नाही नाही, तिथेच घोळ होतो. त्या क्षणी वायू कोणता हे काकांनी सांगितलेलं नाही, उलट पुढच्या मिनिटाला ते विचारतात "हा वायू कोणता असेल बरं?" तुम्ही आधीच हायड्रोजन म्हणालात तर डोळस मुलं विचार करतायत आणि अंध मुलांना उत्तर फोडून दिलंय. दिसतं तेवढंच सांगायचं. दिसतात बुडबुडे. हायड्रोजन दिसत नाही.

याच कारणाने मेणबत्तीच्या जागी भडका आधी सांगायचा नाही. ३:३८ ला थांबवा आणि एवढंच म्हणा:

"साबणाच्या पाण्यावर बोराएवढा बुडबुडा. नळी बाजूला घेतली आहे. सरांच्या उजव्या हातात जळती मेणबत्ती, ती बुडबुड्याकडे येतेय."

सोळा शब्द, आठ सेकंद. मग व्हिडिओ सोडा, फट् त्यांना स्वतःच्या कानाने ऐकू द्या. त्या आवाजावर तुमचं एक अक्षरही चढता कामा नये.

शांत_पुणेकर

मी बहिरा आहे, लहानपणापासून. धाग्यात कॅप्शनबद्दल कोणी फार बोलत नाही म्हणून लिहितो.

पेठकर, खुणांची भाषा माझी पहिली भाषा आहे, मराठी दुसरी. तुम्ही अर्धं बरोबर आहात, लहान मुलांना खुणांमधून खूप लवकर कळतं. पण "विरल", "परीक्षानळी", "अभिक्रिया" हे शब्द परीक्षेच्या पेपरात मराठीत छापून येतात, ते कुठेतरी डोळ्यांनी वाचलेले पाहिजेत. शिवाय मोठेपणी ऐकू येणं गेलेले कितीतरी लोक खुणा शिकलेलेच नसतात. त्यामुळे एक ठेवा दुसरं काढा असं होत नाही.

तुमचा व्हिडिओ बघितला. ३:४१ ला कॅप्शन आहे "आणि बघा काय झालं, कळलं ना सगळ्यांना?" मला नाही कळलं. एक छोटी ज्वाळा दिसली आणि गेली. आवाज आला हे कुठेच लिहिलेलं नाही. मग काका म्हणतात "म्हणजे सिद्ध झालं". कशावरून सिद्ध झालं? या प्रयोगाचा पुरावाच आवाज आहे आणि तोच तुम्ही गाळलात.

प्रयोगवाला_पुणे

🙏 खरंच डोक्यात आलं नाही. मी फक्त बोललेलं टाइप करत गेलो. आता [फट् असा आवाज] टाकतो.

शांत_पुणेकर

टाका पण कधी आणि कुठे ते बघा. बघताना मला काय होतं सांगतो. माझे डोळे एकच जोडी आहेत. खाली दोन ओळी वाचत असलो की वर काय चाललंय ते बघता येत नाही. तुम्ही ऐकता आणि बघता एकाच वेळी, मी आधी वाचतो मग बघतो. ज्या क्षणी ज्वाळा येते त्या क्षणी तुमच्या कॅप्शनच्या दोन भरगच्च ओळी आहेत. मी त्या वाचून वर येईपर्यंत खेळ खलास. मी तीनदा मागे घेऊन बघितलं.

जुना_संकलक

वा, म्हणजे दोघांची अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबली. काका त्या तीन सेकंदांत गप्प बसले असते तर ठिपकेताईंना वर्णनाला जागा मिळाली असती आणि शांत_पुणेकरांना डोळे वर करायला वेळ.

करण्यासारखं असं आहे. ३:३९ पासून ३:४१ पर्यंत पडद्यावर कुठलंच कॅप्शन ठेवू नका. काकांचं "आणि बघा" हे थोडं आधीच्या कॅप्शनमध्ये ढकला, "काय झालं, कळलं ना" नंतरच्यात. आवाजाचं कॅप्शन बरोब्बर फट् च्या फ्रेमला सुरू करा, अर्धा सेकंद आधी आलं तरी गंमत गेली. आणि ते खाली न ठेवता बुडबुड्याच्या जवळ वर आणा. एसआरटी फाईलमध्ये जागा बदलण्याची खात्रीची सोय नाही, व्हीटीटी मध्ये आहे:

```
WEBVTT

00:03:41.200 --> 00:03:43.000 line:15%
[फट् असा आवाज]
```

वेळेत सेकंदांनंतर टिंब आहे बघा. एसआरटीत तिथे स्वल्पविराम असतो. नुसतं फाईलचं नाव बदलून .vtt केलं की लोक म्हणतात चालत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच असतं, नाहीतर वरची WEBVTT ओळ राहिलेली असते. टाकल्यावर फोनवर पण उघडून बघा, सगळे प्लेअर ही line वाली सूचना पाळतातच असं नाही.

मुठाकाठची_मनी

माझ्या आईला पण कमी ऐकू येतं, टीव्हीवर सिरीयल बघताना आवाज एवढा मोठा करते की खालच्या मजल्यावरचे येतात. सिरीयलला मराठी कॅप्शन कसे लावायचे रिमोटवरून कोणी सांगेल का? सेटिंगमध्ये सबटायटल ऑन केलं पण काहीच येत नाही.

पेठकर

@मुठाकाठची_मनी चॅनेलने पाठवलेच नसतील तर रिमोट दाबून कुठून येणार ताई. रिमोट फक्त आलेले दाखवतो.

पण खरंतर कायद्याने सगळ्यांना हे करणं बंधनकारक आहे, २०१६ च्या कायद्यात आहे, त्यामुळे काकांनाही करावंच लागलं असतं.

शांत_पुणेकर

@पेठकर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ म्हणताय ना. त्यात ऑडिओ वर्णन, खुणांची भाषा आणि कॅप्शन तिन्हींचा उल्लेख आहे, पण ती व्हावी यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी सरकारवर टाकलीय. काकांच्या गच्चीवर कोणी इन्स्पेक्टर येणार नाही.

जस्तफूल

मी एका छोट्या स्टुडिओत सबटायटलचं काम करते, मराठी-हिंदी. कॅप्शनबद्दल माझे दोन पैसे.

धागाकर्त्यांनी फाईल पाठवली होती मला. तुम्ही सबटायटल एडिटमध्ये केलंय आणि प्रत्येक तिसरी ओळ लाल दिसतेय म्हणून घाबरून तुम्ही काकांची वाक्यं तोडलीयेत, बरोबर? ते लाल बऱ्याचदा खोटं असतं. सॉफ्टवेअर सेकंदाला किती अक्षरं ते मोजतं, आणि देवनागरीत ते काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं सुटं मोजतं. "हायड्रोक्लोरिक" या शब्दाची आपण वाचतो ती अक्षरं सहा, हा-य-ड्रो-क्लो-रि-क. सॉफ्टवेअरला ती चौदा दिसतात. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा तशीच मराठीला लावली की चांगली वाक्यं पण लाल होतात. मी आकडा बघत नाही, मोठ्याने न वाचता मनात एकदा सावकाश वाचते आणि मग वर चित्राकडे बघायला एक सेकंद उरतो का ते बघते. उरला तर ठीक.

दुसरं, ओळ कुठे मोडता ते बघा. तुमच्या फाईलमध्ये असं आहे:

```
14
00:01:05,300 --> 00:01:08,900
आता यात आपण विरल
हायड्रोक्लोरिक आम्ल घालू
```

"विरल" एका ओळीत आणि आम्ल दुसऱ्या ओळीत. "आता यात आपण" वर आणि "विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालू" खाली करा. एका दमात वाचायचं ते एका ओळीत.

आणि फाईल सेव्ह करताना UTF-8 निवडा, नाहीतर शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळी प्रश्नचिन्हं दिसतील. माझ्यावर एकदा आलीय ही वेळ, पूर्ण हॉलसमोर.

प्रयोगवाला_पुणे

हो हो, लाल बघूनच तोडली! काही ठिकाणी काकांचे शब्द पण कमी केले. "विरल हायड्रोक्लोरिक आम्ल" चं "आम्ल" केलं दोन ठिकाणी.

शांत_पुणेकर

ते परत घाला प्लीज. आमच्यासाठी सोपं करून देतो म्हणून लोक शब्द खातात आणि मग पेपरात तो शब्द पहिल्यांदा दिसतो. काका जे बोलले ते सगळं.

जस्तफूल

इथे मी थोडी वेगळ्या मताची आहे. मुलं नववी-दहावीची आहेत, मराठी त्यांची दुसरी भाषा, वाचायचा वेग प्रत्येकाचा वेगळा. संज्ञा अजिबात काढायच्या नाहीत हे मान्यच, पण काकांचं "हां, म्हणजे, काय म्हणतात, बघा आता" हे सगळं उमटवून त्यांचा वाचायचा वेळ का खायचा? मी ते काढते.

शांत_पुणेकर

काय काढायचं हे ऐकू येणारा ठरवतो, हीच तर माझी तक्रार आहे. माझ्या वर्गात सगळे हसायचे आणि मला कोणीतरी सांगायचं "काही नाही, असंच". काका "काय म्हणतात" असं अडखळतात तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की सरांना पण शब्द आठवत नाही. मला का नको ते?

जस्तफूल

हम्म. यावर लगेच उत्तर नाही माझ्याकडे. शाळेतल्या बाईंना दोन्ही फाईल देऊन बघूया का?

प्रयोगवाला_पुणे

दोन्ही बनवतो. तेवढं जमेल.

आता गोठवण्याचं. पाच जागा काढल्या जुना_संकलक यांच्या सल्ल्याने: १:१२ ला १० सेकंद, २:०५ ला १२, ३:१० ला ९, ३:३८ ला ८ आणि ५:२० ला १३. शेवटच्या जागी काकांनी फळ्यावर समीकरण लिहिलंय आणि नुसतं "हे असं" म्हणून पुढे गेलेत. 🤦 ते असं आहे:

```
Zn + 2HCl → ZnCl₂ + H₂
```

हे कसं वाचायचं?

ठिपके

एक एक अक्षर सुटं, आणि आकडा कुठे आहे ते कळलं पाहिजे. "झेड एन, अधिक, दोन एच सी एल, बाण, झेड एन सी एल खाली दोन, अधिक, एच खाली दोन." नुसतं "सी एल दोन" म्हटलं तर तो दोन आधी आहे, नंतर आहे का खाली आहे ते कळत नाही. आणि एकदाच वाचा पण सावकाश, मी मागे घेऊन परत ऐकेन. तेरा सेकंद पुरतील का बघा, इथे सेकंदाला दोन शब्द धावू नका.

प्रयोगवाला_पुणे

काल रात्री रेकॉर्ड केलं. वर्णन माझ्या बहिणीच्या आवाजात, म्हणजे काकांच्या आवाजात गल्लत नको. दिवसा जमलंच नाही, खाली रस्त्यावर हॉर्न, मग एक वरात, मग शेजारी ड्रिल. शेवटी साडेअकराला कपाट उघडून त्यात तोंड घालून, वरून आजीची गोधडी टाकून केलं. समीकरण तेरा सेकंदांत नाहीच मावलं, सोळा लागले.

पण घोळ झालाय. वर्णनाची आवृत्ती तयार केली, त्यावर तीच कॅप्शनची फाईल लावली तर सुरुवातीला बरोबर आणि नंतर नंतर कॅप्शन आधीच यायला लागले. शेवटी तर मिनिटभराचा फरक. व्हिडिओ खराब झाला का?

जस्तफूल

काही खराब नाही झालं, तुम्ही मध्ये वेळ घुसवलाय. १:१२ नंतरची सगळी कॅप्शन १० सेकंद पुढे, २:०५ नंतरची २२, ३:१० नंतरची ३१, ३:३८ नंतरची ३९ आणि ५:२० नंतरची ५५, कारण शेवटची जागा आता सोळाची झालीय. सबटायटल एडिटमध्ये एखादी ओळ निवडून तिथून पुढच्या सगळ्या सरकवता येतात. मात्र शेवटच्या जागेपासून सुरू करून मागे या. पुढून केलंत तर आधीच सरकलेल्या वेळा बघून पुढची जागा शोधायची होते आणि हमखास चुकतं.

झालं की एकच खूण तपासा. मूळ व्हिडिओत फट् ३:४१ ला आहे, नव्यात तो ४:२० ला आला पाहिजे, आणि कॅप्शन पण तिथेच. एकूण लांबी ७:३५.

फाईलला नाव वेगळं द्या हो, नाहीतर चुकून मूळवर चढवाल.

जुना_संकलक

आणि दुसरी एक जागा बघा जिथे तुम्ही गोठवलं नाहीये. खोकल्याची अडीच सेकंदं होती ना, तिथे छोटं वर्णन सहज बसेल, पाच शब्द. मागे काकांच्या गच्चीवरचा पंखा आणि पाखरांचा आवाज चालू असेल तो पूर्ण बंद करू नका, फक्त दाबा. ऑडॅसिटीत `Auto Duck` आहे, त्यात वर्णनाचा ट्रॅक मूळ ट्रॅकच्या लगेच खाली ठेवावा लागतो, मग वरचा निवडून चालवायचं. खाली-वर झालं तर उलट वर्णनच दबतं नाहीतर चूक दाखवून थांबतं. मुळात जो आकडा भरलेला असतो तो उणे १२ डेसिबलचा, तो ठीक आहे.

ठिपके

आणि आवृत्त्या दोन वेगळ्या लिंक म्हणून द्या, शीर्षकातच सुरुवातीला "वर्णनासह" लिहा. शेवटी लिहिलं तर स्क्रीन रीडरला पूर्ण नाव वाचून होईपर्यंत कळत नाही कुठली ती, आणि २२ व्हिडिओंच्या यादीत तर वैताग येतो.

मुठाकाठची_मनी

माझ्या आईचं राहूनच गेलं 😅 पण हा धागा वाचून तिला काकांचा व्हिडिओ कॅप्शन लावून दाखवला. म्हणाली आम्ल कोण एवढं सावकाश ओततं, हात थरथरतोय त्याचा.

प्रयोगवाला_पुणे

@मुठाकाठची_मनी तो हात माझा आहे 😑

अपडेट. काकांनी तेविसावा व्हिडिओ परवा केला, चुन्याच्या निवळीचा. मी कॅमेऱ्यामागे एक पाटी धरून उभा होतो, "हे नाही, नाव घ्या". पहिल्या पाच मिनिटांत काका तीनदा चिडले. पण निवळी दुधाळ होताना चार सेकंद गप्प बसले, स्वतःहून. फ्रेमचा खालचा भाग पण रिकामा ठेवला कॅप्शनसाठी, आधीच्यात परीक्षानळीचा तळ, म्हणजे जिथे सगळं घडतं तोच भाग झाकला जात होता.

आणि शनिवारी जस्ताचा व्हिडिओ कर्णबधिर मुलांच्या शाळेत दाखवला, दोन्ही फाईल घेऊन. कुठली आवडली यावर वर्गात एकमत नाही झालं, निम्मी इकडे निम्मी तिकडे, त्यामुळे @शांत_पुणेकर आणि @जस्तफूल तुमचं भांडण चालू ठेवायला हरकत नाही. पण एका मुलीने खुणांनी विचारलं आणि बाईंनी आम्हाला सांगितलं, की फट् म्हणजे केवढा? दिवाळीतल्या फटाक्याएवढा का फुगा फुटतो तेवढा? मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले फुग्यापेक्षा लहान. बहीण म्हणाली चुटकी वाजवल्यासारखा. कॅप्शनमध्ये हे कसं लिहिणार?

शांत_पुणेकर

मला पण नेहमी हाच प्रश्न पडायचा. [फट् असा बारीक आवाज] करून बघा.

ठिपके

मी चार वेळा ऐकला. चुटकी नाही. टिकली फुटते ना, पिस्तुलातली नाही, दगडाने ठेचलेली, तसा.

प्रयोगवाला_पुणे

टिकली ठेचताना त्या मुलीने हाताखाली दगडाचा हादरा अनुभवलेला असेल का? बाईंना विचारतो सोमवारी.